मदत हवी आहे: पेस आणि स्पीडचं गणित कुठे चुकतंय?

राम राम मंडळी. जळगावच्या उन्हामुळे मेहरूण तलावावरचं धावणं सध्या बंद आहे, म्हणून जिममध्ये ट्रेडमिलवर पळतोय. घड्याळ पेस दाखवतं, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते, आणि मशीनला ताशी किलोमीटर लागतात.

माझा पेस ६:३०. मी ६० ला ६.३० ने भागलं, ९.५ आलं आणि तेवढा स्पीड लावून दमलो. भाच्याने चूक दाखवली: "मामा, तीस सेकंद म्हणजे अर्धा मिनिट." म्हणजे ६० ÷ ६.५, जवळपास ९.२. उलट करतानाही तीच गंमत. १०.५ स्पीडचा पेस ६० ÷ १०.५ म्हणजे ५.७१ येतो, पण तो ५:७१ नव्हे. ०.७१ ला ६० ने गुणायचं, ४३ सेकंद, म्हणून ५:४३. इथपर्यंत समजलं.

आता खरी अडचण. काल १० मिनिटं ८ च्या स्पीडने आणि १० मिनिटं १२ ने पळालो. स्पीडची सरासरी १०, म्हणजे पेस ६:००. पण ७:३० आणि ५:०० या दोन पेसची सरासरी ६:१५ येते! मशीनवर २० मिनिटांत ३.३३ किलोमीटर दिसले, म्हणजे ६:०० च बरोबर. मग पेसची सरासरी कधी चालते? वेळेऐवजी अंतर सारखं असेल तेव्हा, असा माझा अंदाज. रविवारी ८ ने २ किलोमीटर आणि १२ ने २ किलोमीटर पळायचंय. तिथे ६:१५ धरू ना? कोणीतरी तपासून सांगा भाऊ.