मदत हवी आहे: बँकेच्या केवायसी फॉर्मवर कंपनीची इन्कॉर्पोरेशन तारीख आणि रजिस्टर्ड पत्ता 'जुळत नाही' म्हणून फॉर्म परत आलाय

अंबडची_मीनल

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्या करंट खात्याचं केवायसी नव्याने करायचं म्हणून बँकेने फॉर्म पाठवला. त्यात रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता आणि इन्कॉर्पोरेशनची तारीख कंपनी सेक्रेटरीच्या सहीने हवी होती. आमच्या सीएस मॅडमनी रजेवर जाण्याआधी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या:

"कंपनीचे रजिस्टर्ड ऑफिस अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक 422010 येथे आहे. कंपनीची इन्कॉर्पोरेशन तारीख 14 जुलै 2011 आहे."

मी त्याला फाइलमधलं इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट जोडून दिलं. चार दिवसांनी शेरा आला की तारीखही जुळत नाही आणि पत्ताही जुळत नाही. नीट बघितलं तर जोडलेल्या सर्टिफिकेटवर तारीख 6 फेब्रुवारी 2019 आहे आणि पत्ता शरणपूर रोडचा आहे. आता मॅडमचं चुकलं म्हणायचं की बँकेचं? मॅडम 9 तारखेला येणार, बँकेने 5 पर्यंत मुदत दिलीय आणि 7 ला एकशे चाळीस जणांचा पगार याच खात्यातून जातो. मॅडमना रजेत फोन करायला जीव होत नाही, त्यांचे वडील दवाखान्यात आहेत.

सातपूरकर

मीनलताई, फार विचार करू नका. नवीन सर्टिफिकेट आलं की जुनं बाद होतं. 6 फेब्रुवारी 2019 लिहा आणि पत्ता जीएसटी सर्टिफिकेटवर असेल तो टाका. बँकेत बसलेला माणूस समोरच्या कागदाशी ताडून बघतो, दुसरं काही बघत नाही. कागद जुळला की फॉर्म पुढे जातो.

कॅनडा_कॉर्नर_सीएस

दादा, बँकवाला समोरच्या कागदाशीच ताडतो हे तुमचं बरोबर. पण 2019 ची तारीख लिहू नका हो, त्याने उद्या जास्त घोटाळा होईल.

मीनल, एक सांगा. 2019 मध्ये कंपनीचं नाव बदललं होतं का? आणि त्या सर्टिफिकेटच्या मजकुरात नाव बदलल्याचा उल्लेख आहे का?

अंबडची_मीनल

हो सर. आधी नावात 'इंजिनिअरिंग वर्क्स' होतं, ते काढून दुसरं नाव घेतलं. सर्टिफिकेटवर वरच नाव बदलल्यामुळे दिल्याचं लिहिलंय. मी ते वाचलंच नव्हतं.

कॅनडा_कॉर्नर_सीएस

मग सगळं तिथेच आहे. नाव बदललं की रजिस्ट्रार नवीन नावाचं सर्टिफिकेट देतो. त्यावरची तारीख ही नाव बदलल्याची तारीख. कंपनी तीच राहते, तिचा जन्म 2011 चाच. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललं म्हणून कुणी जन्मतारीख बदलत नाही, तसंच हे.

हे तुम्हाला घरबसल्या तीन ठिकाणी ताडून बघता येईल. कंपनीचं पॅन कार्ड काढा, त्यावर व्यक्तीच्या जन्मतारखेच्या जागी कंपनीची इन्कॉर्पोरेशन तारीख असते. नवीन नावाने पॅन काढलं असलं तरी तिथे 14/07/2011 च असायला हवी. मग कंपनीचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन बघा. पहिलं अक्षर, त्यानंतर पाच आकडे, मग MH आणि त्यापुढचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष. तुमच्या सीआयएनमध्ये तिथे 2011 दिसेल, 2019 च्या सर्टिफिकेटवरसुद्धा. तिसरं म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवरचा कंपनी मास्टर डेटा. त्यात तारीख आणि आजचा रजिस्टर्ड पत्ता दोन्ही येतात.

म्हणजे तुमच्या मॅडमचं उत्तर बरोबर आहे. फक्त त्याला जोडलेला कागद ते उत्तर सिद्ध करत नाही. 2011 चं मूळ सर्टिफिकेट शोधा आणि दोन्ही सर्टिफिकेटं एकत्र द्या. नुसतं 2011 चं दिलंत तर बँक म्हणेल नाव जुळत नाही.

अंबडची_मीनल

सीआयएनमध्ये खरंच 2011 आहे! पॅनवरही 14/07/2011. सकाळपासून डोकं भणभणत होतं, आता जरा बरं वाटतंय. आणि पत्त्याचं?

भाऊसाहेब_सिन्नर

आमचाही हाच प्रॉब्लेम झाला होता. आमची भागीदारी फर्म 1994 ची, 2016 ला तिची प्रायव्हेट लिमिटेड केली. मी बँकेच्या फॉर्मवर 1994 लिहिलं, कारण धंदा तेव्हापासूनचा, वडिलांनी मुसळगावला शेड घेतली तेव्हापासूनचा. बँकेने तीनदा परत पाठवलं. म्हणजे सीएस साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे बँकच चुकली ना? जन्म तर 1994 चाच.

कॅनडा_कॉर्नर_सीएस

नाही भाऊसाहेब, तुमचं प्रकरण वरून सारखं दिसतं, पण उलटं आहे. मीनलकडे कंपनी आधीपासून होती, फक्त नाव बदललं. तुमच्याकडे 2016 पर्यंत कंपनी नव्हतीच, फर्म होती. रूपांतर केल्यावर जी कंपनी जन्माला आली तिचा सीआयएन 2016 चा, पॅनही वेगळं. इन्कॉर्पोरेशन तारीख 2016 चीच लिहायची. वडिलांच्या धंद्याचं वय लेटरहेडवर '1994 पासून' म्हणून जरूर छापा, तो तुमचा मान आहे. बँकेच्या त्या रकान्यात मात्र ते बसत नाही.

मीनल, पत्त्याकडे येतो. शरणपूर रोडहून अंबडला रजिस्टर्ड ऑफिस कधी हलवलं?

अंबडची_मीनल

ऑगस्ट 2022. आधी सीए साहेबांच्या ऑफिसचा पत्ता होता, मग कारखान्यातच आणलं. फाइलमध्ये आयएनसी-22 म्हणून एक फॉर्म आणि पैसे भरल्याचं चलन सापडलं.

सातपूरकर

त्याला स्पेशल रिझोल्युशन लागतं. ते नसेल तर पत्ता बदललाच नाही असं धरतात.

कॅनडा_कॉर्नर_सीएस

ते गावाच्या हद्दीबाहेर जाताना, दादा. शरणपूर रोड आणि अंबड दोन्ही नाशिक महापालिकेच्या हद्दीत, म्हणून बोर्डाचा ठराव आणि तीस दिवसांत आयएनसी-22, एवढंच. हेच ऑफिस सिन्नरला नेलं असतं तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं.

मीनल, तो फॉर्म आणि चलन म्हणजे तुमचा पुरावा. सर्टिफिकेटवर जो पत्ता छापलेला असतो तो त्या दिवशी रजिस्ट्रारकडे असलेला. पुढे ऑफिस हललं म्हणून सर्टिफिकेट नवं येत नाही. म्हणून पत्त्यासाठी सर्टिफिकेट कधीच पुरत नाही, आयएनसी-22 आणि मास्टर डेटाची ताजी प्रिंट द्यावी लागते.

आता एक गोष्ट जरा डोळ्यांनी बघून सांगा. मॅडमनी ज्या लेटरहेडवर लिहून दिलं त्याच्या तळाला कोणता पत्ता छापलाय?

अंबडची_मीनल

अरे देवा. तळाला बारीक निळ्या अक्षरात 'रजि. ऑफिस: शरणपूर रोड' आहे. वर मॅडमनी अंबड लिहिलंय आणि खाली शरणपूर. जुन्या लेटरहेडचा गठ्ठा संपवायचा म्हणून अजून तेच वापरतो आम्ही.

निवृत्त_बँकवाला

मीनल बेटा, मी एकतीस वर्षं शाखेत काढली, बँकेच्या बाजूने सांगतो. तुमचा फॉर्म शाखेत एक जण भरतो आणि तपासणारा दुसऱ्या गावात बसलेला असतो. त्याच्यासमोर फक्त स्कॅन असतो. एकाच पानावर दोन रजिस्टर्ड पत्ते दिसले की तो पुढे वाचत नाही, शेरा मारून मोकळा होतो. त्याला फोन करून समजावता येत नाही, म्हणून समजावणं कागदावरच असायला हवं.

दुसरं, फॉर्ममध्ये रजिस्टर्ड ऑफिस आणि व्यवसायाचं मुख्य ठिकाण असे दोन रकाने असतील. तुमचं दोन्ही अंबड असेल तर दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच लिहा. जीएसटीवर 'एमआयडीसी अंबड' आणि आयएनसी-22 वर 'अंबड औद्योगिक वसाहत' असेल, तर रजिस्टर्ड ऑफिसच्या रकान्यात आयएनसी-22 ची शब्दरचना उतरवा.

कॅनडा_कॉर्नर_सीएस

काकांनी नेमकं सांगितलं. आणि लेटरहेडवर बरोबर रजिस्टर्ड पत्ता, सीआयएन, फोन, ई-मेल छापणं कंपनी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे सक्तीचं आहे. चूक राहिली तर दिवसाला 1000 रुपये, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत दंड आहे. तो गठ्ठा आजच बाजूला काढा.

सहीसाठी मॅडमची वाट बघायला नको. कलम 21 प्रमाणे मॅनेजिंग डायरेक्टर असतील तर ते सही करू शकतात. बँकेने सीएसचीच मागितली असेल, तर मसुदा मॅडमना पाठवा आणि त्यांना जमेल तेव्हा सही होऊ द्या. मी असा लिहीन:

"कंपनीची स्थापना 14 जुलै 2011 रोजी झाली (मूळ प्रमाणपत्र सोबत). 6 फेब्रुवारी 2019 चे प्रमाणपत्र केवळ नावातील बदलाचे आहे. स्थापनेची तारीख व कंपनीचे अस्तित्व त्याने बदललेले नाही. कंपनीचे रजिस्टर्ड ऑफिस ऑगस्ट 2022 पासून अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक 422010 येथे आहे (आयएनसी-22 व चलन सोबत). त्यापूर्वीच्या प्रमाणपत्रावरील शरणपूर रोडचा पत्ता जुना आहे. वरील माहिती आजच्या तारखेस खरी आहे."

महिन्याच्या जागी आयएनसी-22 मधली नेमकी तारीख घाला. प्लॉट नंबरही त्यातूनच उतरवा. खाली नाव, हुद्दा, मॅडमचा सदस्यत्व क्रमांक आणि पत्राची तारीख.

निवृत्त_बँकवाला

दाखल्यावर टाकतात तो यूडीआयएन क्रमांक नको का? आमच्या वेळी शेवटी शेवटी मागायला लागले होते.

कॅनडा_कॉर्नर_सीएस

काका, तो आमच्यासारखे प्रॅक्टिसमधले सीएस दाखला देतात त्यावर. कंपनीत नोकरीला असलेली सीएस कंपनीच्या वतीने पत्र देते, त्यावर सदस्यत्व क्रमांक पुरतो.

निवृत्त_बँकवाला

नियमाने पुरत असेल. त्या तपासणाऱ्या सेलने अडवलं तर तिथे नियम सांगून भागत नाही, एवढंच म्हणतो. हाताशी प्रॅक्टिसवाल्याचा दाखला असला तर बरं.

अंबडची_मीनल

अपडेट देते. मॅडमना मेसेज केला, त्यांनी स्वतःहून फोन केला आणि मसुद्यात आयएनसी-22 चा एसआरएन नंबरही घालायला लावला. नवीन लेटरहेड ऑफिसातच प्रिंट केलं. त्यांचा भाऊ दवाखान्यातून सही केलेला कागद घेऊन आला. मूळ 2011 चं सर्टिफिकेट सीए साहेबांच्या जुन्या फायलीत सापडलं, कडेला वाळवी लागलेलं, पण तारीख आणि सीआयएन स्वच्छ दिसतात. 4 तारखेला सगळं दिलं, आज तारीख आणि पत्ता दोन्ही मान्य झाल्याचा मेल आला. खातं चालू आहे, पगाराची फाइल चढवली. सगळ्यांचे मनापासून आभार.

फक्त एक रकाना अजून लटकलाय, 'व्यवसाय सुरू केल्याची तारीख'. शाखेतले साहेब म्हणतात व्यवसाय सुरू केल्याचा फॉर्म आयएनसी-20ए द्या. मॅडम म्हणतात, 2 नोव्हेंबर 2018 नंतर स्थापन झालेल्या कंपन्यांनाच तो लागतो, आपल्याला नाही. मग तिथे लिहायचं काय?

कॅनडा_कॉर्नर_सीएस

मॅडमचं बरोबर आहे, आणि 2011 मध्ये प्रायव्हेट कंपनीला तसा वेगळा दाखलाही लागत नव्हता. मी अशा वेळी इन्कॉर्पोरेशनचीच तारीख लिहितो.

निवृत्त_बँकवाला

आम्ही पहिल्या बिलाची तारीख घेत होतो.

अंबडची_मीनल

पहिलं बिल नोव्हेंबर 2011 चं आहे. उद्या शाखेत दोन्ही घेऊन जाते, काय म्हणतात ते इथे कळवते.