मदत हवी आहे: डॉलर इनव्हॉइसवरचा विनिमय नफा-तोटा बँक शुल्कापासून वेगळा कसा काढायचा?

मी फ्रीलान्सर आहे, इनव्हॉइस डॉलरमध्ये देतो. इनव्हॉइसच्या तारखेचा दर आणि बँकेत जमा झालेले रुपये, एवढ्यावरूनच मी आतापर्यंत फरक काढत होतो. त्यात गफलत आहे, हे परवा लक्षात आलं.

उदाहरणार्थ, इनव्हॉइस १,००० डॉलरचं, त्या दिवशीचा दर ८३, म्हणजे ८३,००० रुपये. जमा झाले ८१,९००. मी सरळ १,१०० रुपये विनिमय तोटा लिहिला. पण डॉलर तर वधारला होता! बँकेची सूचना नीट वाचली तेव्हा कळलं की मधल्या बँकेने १५ डॉलर कापले, उरलेले ९८५ डॉलर ८४च्या दराने बदलले गेले आणि वर ८४० रुपये शुल्क लागलं.

मग ८४ धरला तर विनिमय नफा १,००० आणि शुल्क २,१०० (१५ डॉलरचे १,२६० + ८४०). बेरीज जुळते. मात्र पैसे जमा झाले त्या दिवशीचा बाजारदर ८४.५० होता. तो धरला तर नफा १,५०० आणि खर्च २,६००.

क्लायंटने रक्कम पूर्ण पाठवली होती, अर्धवट पेमेंट नाही. हिशेब स्प्रेडशीटमध्ये ठेवतो. जमा तारखेला बँकेचा दर धरावा की बाजारदर? आणि सूचनेत दर छापलेलाच नसेल, तर तुम्ही काय करता?