मदत हवी आहे: डाय बदलण्याचा वेळ कमी करायचा प्रस्ताव साहेबांना कसा मांडू?

आमच्या प्रेस शॉपमध्ये डाय बदलायला 70 मिनिटं लागतात. तीन वेळा घड्याळ लावून पाहिलं. त्यातली 30 मिनिटं प्रेस बंद ठेवून डाय आणणं आणि क्लॅम्प, पाने शोधणं यातच जातात. ही तयारी आधीचा लॉट चालू असतानाच करावी, असं सुचवायचंय. खर्च एक ट्रॉली, क्लॅम्प-बोल्टचा वेगळा सेट आणि हेल्परचा अर्धा तास. सुरुवात एकाच प्रेसवर, दोन आठवडे.

रोज दोन बदल, म्हणजे तासभर वाचेल. पण ऑर्डरी तेवढ्याच असताना तो तास जादा उत्पादन म्हणून दाखवणं मला पटत नाही. खरा फायदा लहान लॉट आणि कमी साठ्याचा आहे. तो रुपयांत कुणी मांडलाय का? कसा?