मदत हवी आहे: आईचा खांदा, मग मनगट, आता बोटं. सगळं शुगरचंच?

परळकर_मुलगी: आई ६१ वर्षांची, मधुमेह १९ वर्षं. गेल्या दिवाळीत उजवा खांदा आखडला. लोकलमधली कडी धरता येईना, ब्लाउजचे हूक मी लावायचे. तो जरा सुटतोय तोवर रात्री अडीचला मुंग्यांनी जाग यायला लागली. हात झटकला की बरं वाटतं. परवा आरतीला हात जोडले तर तळवे एकमेकांना टेकेनात, मधल्या फटीतून निरांजन दिसत होतं. बोटं दुखत नाहीत, सूज नाही. एचबीएवनसी ७.१ आहे. शुगर ताब्यात असताना हे का? संधिवात तर नाही?

दादरचा_बंड्या: शुगरने नसा जातात. माझ्या वडिलांनाही मुंग्या होत्या, बी-१२ च्या इंजेक्शनांनी गेल्या. तेच करा.

फिजिओ_ताई: बंड्यादादा, बी-१२ तपासावं हे खरंच, शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीवर ते कमी होऊ शकतं. पण शुगरने नसा जातात तेव्हा बहुतेक आधी दोन्ही तळपाय बधिरतात. परळकर, मुंग्या कुठल्या बोटांना? करंगळीला येतात?

परळकर_मुलगी: आत्ताच विचारलं. अंगठा आणि पुढची दोन बोटं. करंगळी ठीक. पायही ठीक.

फिजिओ_ताई: मग मनगटात नस दाबली जात असावी. एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी, करून घ्या आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. झोपेत मनगट दुमडतं, म्हणूनच रात्रीचा त्रास.
तिन्हींचं मूळ बहुधा एकच. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आणि सांध्याचं आवरण कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचं असतं. रक्तातली जादा साखर त्या धाग्यांना चिकटते, हळूहळू त्यांना एकमेकांशी टाके पडतात आणि ते सरकेनासे होतात. टेंडनमधलं कोलॅजन वर्षानुवर्षं बदलत नाही, त्यामुळे जुने टाके तसेच राहतात. एचबीएवनसी सांगतो गेल्या तीनेक महिन्यांचं. हातात १९ वर्षांचा हिशोब आहे. संधिवातात सांधे सुजतात, दुखतात. तरी एकदा डॉक्टरांना हात दाखवाच.

माहीमची_मावशी: माझं बोट दुमडलं की अडकतं, टक् आवाज करून सुटतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, बोट सुटलं, पण शुगर चार दिवस ३०० च्या वर! आधी कुणी सांगितलं नव्हतं.

फिजिओ_ताई: मावशी, तेही याच घराण्यातलं. परळकर, इंजेक्शनचा विषय निघाला तर शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवा आणि तो आठवडा घरी रोज शुगर मोजा.

परळकर_मुलगी: हे परत सरळ होईल का?

फिजिओ_ताई: खांदा बहुतेकांचा सुटतो, वर्ष-दोन वर्षं जातात, थोडा कडकपणा राहू शकतो. जोर लावून ओढू नका, त्याने चिडतो. बोटांचं सांगता येत नाही. आणि हो, असे हात असले की डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन बघावं, तिथेही जुन्या शुगरचा परिणाम सापडू शकतो. शेवटचं कधी बघितलंत?

परळकर_मुलगी: लघवी मार्चमध्ये. पडदा... चष्म्याचा नंबर काढला तेवढंच. सोमवारची वेळ घेते.

दादरचा_बंड्या: बी-१२ पण बघा हं.