मदत हवी आहे: ॲडव्हर्टायझिंग ॲनालिस्टसाठी कव्हर लेटर, उद्या रात्रीपर्यंत पाठवायचंय

सातपूरकर
पुण्यातल्या एका कंपनीत जागा आहे. अर्ज उद्या रात्री बारापर्यंत. त्यांनी मागितलंय ते असं: आधी केलेल्या रिपोर्टिंगच्या कामांबद्दल आणि त्यामुळे कोणते निर्णय बदलले याबद्दल लिहा. पत्र इंग्रजीत जाणार आहे, पण मधला परिच्छेद इथे मराठीत देतो:

"मी नाशिकमधील एका बिल्डरच्या गूगल आणि फेसबुक जाहिरातींचा साप्ताहिक रिपोर्ट तयार केला. त्यासाठी लुकर स्टुडिओत डॅशबोर्ड बनवला. या रिपोर्टमुळे जाहिरातींची कामगिरी सुधारली आणि खर्चाचा योग्य वापर झाला."

दोघांना वाचायला दिलं, दोघेही "छान आहे" म्हणाले. मला ते छान वाटत नाही, पण काय चुकतंय ते सापडत नाही. लवकर सांगा.

गोदाकाठ
निर्णय कुठे आहे यात? त्यांनी नेमकं तेच विचारलंय आणि तुमच्या तीन वाक्यांत तेच नाही. रिपोर्ट बघून कोणी काय थांबवलं, काय वाढवलं? आधी ते सांगा, वाक्यं नंतर बसवू.

पाथर्डीफाटा
आरओएएस टाका, जाहिरातीच्या खर्चाच्या किती पट महसूल आला तो. "चारपट आरओएएस मिळवून दिला" एवढं एक वाक्य पुरतं. वाचणारा आधी आकडा शोधतो.

गोदाकाठ
आकडा हवा हे बरोबर, पण हा आकडा इथे चालणार नाही. फ्लॅटच्या जाहिरातीत लीड आल्यापासून बुकिंग व्हायला महिने जातात, आणि तिमाहीत बुकिंगच मोजकी असतात. एक बुकिंग इकडचं तिकडे झालं की आरओएएस दुप्पट किंवा निम्मा दिसतो. मुलाखतीत "महसूल कुठून मोजलात?" असं विचारलं तर उत्तर काय देणार? बिल्डरच्या कामात साइट व्हिजिटपर्यंतचा हिशेब जास्त भरवशाचा. सातपूरकर, व्हिजिटचा डेटा आहे का तुमच्याकडे?

वेदिका_म
अर्जावर जाहिरात क्रमांक आणि तारीख लिहायला विसरू नका. मार्कशीट आणि दाखल्यांच्या प्रती स्वसाक्षांकित करून जोडा, नाहीतर छाननीतच अर्ज बाद होतो.

सातपूरकर
वेदिकाताई, ही सरकारी भरती नाही, खासगी कंपनी आहे. तरी धन्यवाद.

गोदाकाठ, आहे. साइटवर वही असते, तिच्यात येणाऱ्याचं नाव आणि मोबाइल लिहितात. मी लीडच्या शीटमधले नंबर त्या वहीशी जुळवले. त्यातून कळलं की फेसबुकची लीड 300 रुपयांना पडत होती आणि गूगलची 900 ला, पण फेसबुकवाले साइटवर येतच नव्हते. मग बजेट बदललं. हे सगळं लिहायचं का? मला वाटलं, ते त्यांना समजेलच.

गोदाकाठ
समजणार नाही. तुमच्या कामातला खरा भाग हाच आहे आणि तोच तुम्ही गाळलात. डॅशबोर्ड सगळेच बनवतात. वहीतले नंबर लीडशी जुळवण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

आता पूर्ण आकडे द्या. बदलाआधी आणि बदलानंतर दोन्हीकडे खर्च किती, लीड किती, व्हिजिट किती? महिने कोणते? आणि नंबर कसे जुळवलेत?

सातपूरकर
आधीचे तीन महिने: दोन्हीकडे 1,80,000 खर्च. फेसबुकवर 600 लीड, 18 व्हिजिट. गूगलवर 200 लीड, 45 व्हिजिट. म्हणजे एक व्हिजिट फेसबुकवर 10,000 ला आणि गूगलवर 4,000 ला.

नंतरचे तीन महिने: गूगलवर 2,70,000 खर्च, 260 लीड, 60 व्हिजिट. फेसबुकवर 90,000 खर्च, 150 लीड, 15 व्हिजिट. फेसबुकचा फॉर्मही बदलला होता.

फेसबुकवरून नंबर +91 लावून यायचे, वहीत कधी शून्य लावलेलं, कधी मध्ये जागा सोडलेली. म्हणून आधी शेवटचे दहा अंक काढले:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
```

मग हे लिहू ना, की एका व्हिजिटचा खर्च 5,714 वरून 4,800 वर आणला?

पाथर्डीफाटा
लिहा! सोळा टक्के बचत. हाच तो आकडा.

गोदाकाठ
थांबा. महिने अजून सांगितले नाहीत.

सातपूरकर
आधीचे जुलै ते सप्टेंबर, नंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर.

गोदाकाठ
हीच भीती होती. पहिल्या तिमाहीत पितृपक्ष येतो, तेव्हा घर बघायला लोक बाहेर पडत नाहीत. दुसरीत दिवाळी. तुम्ही काहीही बदललं नसतं तरी व्हिजिट वाढल्याच असत्या. वहीत ज्यांचे नंबर कुठल्याच लीडशी जुळले नाहीत असे किती होते? दोन्ही तिमाहींचे सांगा.

सातपूरकर
आधी 47, नंतर 56. हे बहुतेक होर्डिंग बघून किंवा ओळखीतून आलेले.

गोदाकाठ
आता बघा. ज्यांचा तुमच्या जाहिरातींशी संबंध नाही ते 47 वरून 56 झाले, म्हणजे 19 टक्के वाढ. तुमच्या व्हिजिट 63 वरून 75 झाल्या, तीही 19 टक्केच, आणि एकूण खर्च तितकाच. म्हणजे 5,714 ते 4,800 हा सगळा फरक सणाचाही असू शकतो. हा आकडा पत्रात घातलात आणि समोर जाणकार बसला, तर त्याचा पहिला प्रश्न महिन्यांचाच असेल.

पण तुमच्या आकड्यांत याहून चांगली गोष्ट दडलेली आहे. लीडपैकी साइटवर किती आले ते काढा. फेसबुकवर आधी 600 पैकी 18, म्हणजे 3 टक्के. नंतर 150 पैकी 15, म्हणजे 10 टक्के. गूगलवर आधी साडेबावीस टक्के, नंतर 23. सण दोघांनाही सारखाच होता. गूगलचं प्रमाण जागचं हललं नाही आणि फेसबुकचं तिपटीहून जास्त झालं. हे दिवाळीने होत नाही. फॉर्ममध्ये काय बदललं होतं?

सातपूरकर
फॉर्मचा प्रकार More volume होता, तो Higher intent केला. बजेटचा एक प्रश्न टाकला आणि मोबाइल नंबर हाताने लिहायला लावला. आधी तो प्रोफाइलमधून आपोआप भरला जायचा. फोन करणारी मुलगी सांगायची की निम्मे नंबर लागत नाहीत, आणि लागले तर समोरचा म्हणतो, मी काही फॉर्म भरलाच नाही.

गोदाकाठ
मग कारणही तुमच्याकडे आहे. प्रोफाइलमध्ये कित्येकांचा जुना नंबर पडलेला असतो, आणि सगळं आधीच भरलेलं असलं की माणूस नुसतं बोट टेकवून पुढे जातो. Higher intent मध्ये पाठवण्याआधी तपासून बघायचा एक टप्पा वाढतो, तिथे असे लोक गळतात. एक मात्र जपून. बजेट निम्मं केलं आणि फॉर्म बदलला, दोन्ही एकदम. कशामुळे किती फरक पडला ते वेगळं सांगता येणार नाही. "फॉर्ममुळे तिप्पट" असं लिहू नका.

द्राक्षबाग
गूगलच्या लीडमध्ये परगावचे किती? लोकेशनचं सेटिंग मुळात Presence or interest असं असतं, त्यामुळे नाशिकबद्दल नुसतं शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसते. आमच्या शेतीच्या औजारांच्या जाहिरातीत भलतीकडचे फोन यायचे. Presence केल्यावर थांबले. तुम्ही हे केलं असेल तर पत्रात तेच घाला.

पाथर्डीफाटा
फ्लॅटला ते करू नये. मुंबई-ठाण्याचे लोक नाशिकला घर घेतात, ते तिकडे बसूनच शोधतात. Presence केलं की तेच गळतील.

द्राक्षबाग
मग मुंबई-ठाणे वेगळी लोकेशन म्हणून जोडा आणि Presence ठेवा. सगळा देश कशाला उघडा ठेवायचा?

सातपूरकर
सेटिंगला मी हात लावलेला नाही. कृपया पत्रावर या, वेळ कमी आहे.

गोदाकाठ
अजून दोन गोष्टी, त्या तुम्ही सांगितलेल्या नाहीत. बजेट हलवायचं कोणी ठरवलं? आणि पुढे आणखी हलवलं का?

सातपूरकर
मी सुचवलं, बिल्डरने मान्य केलं. फेसबुक पूर्ण बंद करा असं तो म्हणत होता, मीच नको म्हटलं. पुढे काही हलवलं नाही.

गोदाकाठ
नको म्हटलंत हे नक्की लिहा, आणि कारणासह लिहा. गूगलवर 90,000 जास्त घातले तेव्हा 15 व्हिजिट वाढल्या. म्हणजे त्या वाढीव पैशांतली प्रत्येक व्हिजिट 6,000 ला पडली, 4,000 ला नाही. नाशिकमध्ये फ्लॅट शोधणारे मोजकेच, त्यामुळे पैसे वाढवले की महागडे क्लिक घ्यावे लागतात. आणि फेसबुकची व्हिजिटही आता 6,000 लाच पडते. दोन्हीकडे भाव सारखा झाल्यावर आणखी पैसे इकडून तिकडे नेऊन काही हाती लागत नाही. सण धरला तर गूगलचे वाढीव पैसे 6,000 हूनही महाग पडले असतील. फेसबुक चालू ठेवायला हे कारण पुरेसं आहे.

विश्लेषण_नाशिक
डॅशबोर्डची लिंकच पत्रात द्या. सगळं उघड्यावर दिसलं की विश्वास बसतो.

गोदाकाठ
अजिबात देऊ नका. त्यात बिल्डरचा खर्च आहे, लीडची शीट जोडलेली असेल तर लोकांचे मोबाइल नंबरही आहेत. नवीन कंपनी लगेच विचार करेल की हा आमचाही डेटा असाच वाटेल. बिल्डरचं नावही नको. रुपयांचे आकडे द्यायला बिल्डरची हरकत असेल तर फक्त टक्के द्या, 3 आणि 10 पुरेसे बोलके आहेत.

सातपूरकर
हे बघा. रुपये काढले:

"नाशिकमधील एका गृहप्रकल्पासाठी गूगल आणि फेसबुकवर सारखाच खर्च होत होता आणि स्वस्त लीडमुळे फेसबुक सरस मानलं जात होतं. मी तीन महिन्यांच्या लीडचे मोबाइल नंबर साइटवरच्या वहीशी जुळवले. फेसबुकच्या लीडपैकी 3 टक्के लोक साइटवर आले होते, गूगलच्या साडेबावीस टक्के. त्यावरून मी फेसबुकचं निम्मं बजेट गूगलला द्यायचं आणि फेसबुकचा फॉर्म बदलायचा असं सुचवलं, बिल्डरने ते मान्य केलं. पुढच्या तीन महिन्यांत फेसबुकचं प्रमाण 10 टक्के झालं, गूगलचं तेवढंच राहिलं. दोन्ही बदल एकत्र केल्यामुळे प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता आला नाही. गूगलवरच्या वाढीव खर्चातून येणारी व्हिजिट आधीपेक्षा महाग पडू लागल्याने फेसबुक पूर्ण बंद न करण्याचा सल्ला मी दिला."

पाथर्डीफाटा
"वाटा वेगळा काढता आला नाही" हे वाक्य काढा. पहिली चाळणी एचआर लावतो, ॲनालिस्ट नाही. तो यातून एवढंच घेईल की याला जमलं नाही.

गोदाकाठ
मी ठेवेन. निर्णय कसे बदलले असं विचारणारी कंपनी हेच वाक्य शोधत असते. पण पाथर्डीफाटा म्हणतात ती शक्यता खरी आहे, तुम्हीच ठरवा.

वेदिका_म
उशिरा वाचलं, एक विचारते. फॉर्म नवऱ्याने भरला आणि साइटवर वहीत बायकोचा नंबर लिहिला तर? घर बघायला तर जोडीनेच जातात.

गोदाकाठ
वेदिकाताई, मुद्दा बिनतोड आहे. अशी व्हिजिट जुळत नाही आणि 47 किंवा 56 मध्ये जाऊन बसते, म्हणजे ते आकडेही पूर्ण निखळ नाहीत. दोन्हीकडे सारखंच होत असेल तर तुलना टिकते. पण फेसबुकवर नवऱ्याने भरायचं प्रमाण जास्त असेल तर तिथले 3 टक्के खरे थोडे जास्त असणार. सातपूरकर, वहीत एका कुटुंबाचे दोन नंबर लिहून घ्यायचे का?

सातपूरकर
नाही, एकच. त्या 47 जणांची आडनावं लीडच्या शीटशी आज रात्री ताडून बघतो.