जुन्या गिऱ्हाइकांना दरवाढीचं पत्र कसं लिहिलंत? (अनुभव धागा)

म्हशीवाला, आर्वी तालुका

आमच्याकडे बारा म्हशी आहेत. रोज सरासरी 50 लिटर दूध चार ठिकाणी जातं: दोन चहाची हॉटेलं, एक खानावळ आणि एक पेढेवाले काका. काकांकडे माझे वडील दूध घालायचे तेव्हापासूनचं येणं-जाणं. ऑगस्ट 2022 पासून भाव 58 रुपये होता. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, वाढवावाच लागला. तोंडी सांगायची हिंमत होईना म्हणून पत्र लिहिलं. पहिलं पत्र फसलं, दुसरं चाललं. दोन्ही इथे सांगतो. तुम्हीही लिहिलं असेल किंवा तुम्हाला आलं असेल, तर काय झालं ते लिहा.

पहिल्या पत्रात मी 65 मागितले होते. कारण दिलं होतं की सरकीची ढेप जानेवारीत 28 रुपये किलो होती ती आता 36 झाली, आणि डिझेलही महागलं. पेढेवाले काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बाळा, जानेवारीत जिनिंग जोरात चालतात, तेव्हा ढेप स्वस्तच असते. ऑगस्टशी ऑगस्ट लाव. आणि डिझेलचं काय लिहिलंस? माझ्याकडे पण गाडी आहे."

ते शब्द लागले, कारण ते खरे होते. डिझेल 2022 च्या जुलैनंतर वाढलंच नव्हतं, उलट मार्च 2024 मध्ये दोन रुपयांनी उतरलं होतं. सगळं महागलंय असं मनात धरून मी लिहून टाकलं होतं. पत्र परत मागून घेतलं.

घरी येऊन दोन वर्षांच्या पावत्या काढल्या. ऑगस्ट 2022 ला ढेप 31 ने घेतली होती, ऑगस्ट 2024 ला 36 ने. भाकड म्हशींचं धरून आम्हाला एका लिटरमागे अर्धा किलो ढेप लागते. म्हणजे वाढ अडीच रुपये. तुरीची चुनी लिटरमागे पाव किलो, 22 ची 26 झाली, म्हणजे एक रुपया. कुटार विकत घ्यावं लागतं, त्याचे 75 पैसे. गड्याचा पगार महिन्याला 9,000 चा 10,500 झाला, दिवसाचे 50 रुपये, म्हणजे लिटरमागे एक रुपया. डिझेल रोज दोन लिटर, त्यात वाचतात चार रुपये, म्हणजे लिटरमागे आठ पैसे कमी. ते आठ पैसेही पत्रात वजा करून दाखवले. बेरीज 5 रुपये 17 पैसे. मागितले पाच.

दुसरं पत्र जसंच्या तसं:

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. ऑगस्ट 2022 पासून आपण 58 रुपये भावाने दूध घेत आहात आणि एकाही महिन्याचा हिशेब थकलेला नाही, याबद्दल आभारी आहे. या दोन वर्षांत ढेप, चुनी, कुटार आणि मजुरी मिळून लिटरमागे 5 रुपये 17 पैसे खर्च वाढला. हिशेब मागच्या पानावर आहे, पावत्या माझ्याकडे आहेत, केव्हाही दाखवीन. 1 सप्टेंबरपासून भाव 63 रुपये धरावा ही विनंती. आपण गणपतीच्या पेढ्यांची मागणी आधीच घेतली असल्यास अनंत चतुर्दशीपर्यंत (17 सप्टेंबर) जुनाच भाव राहील. दुधात, मापात आणि वेळेत बदल होणार नाही. ढेप सलग दोन महिने 32 च्या खाली राहिली तर भावाबद्दल पुन्हा बसून बोलू. आपला नम्र."

यातला सणाचा भाग काकांना सगळ्यात जास्त भावला. गणपतीची मागणी त्यांनी पोळ्याच्या आधीच ठरल्या भावाने घेतली होती. मध्येच दूध वाढलं असतं तर तोटा त्यांच्या अंगावर आला असता.

खवा-पेढा, पुलगाव

मी दूध घेणारी बाजू. तुमच्यासारखं पत्र मला एकदाच आलंय. बाकीचे सकाळी कॅन उतरवताना सांगतात, "उद्यापासून चार रुपये जास्त." नाही म्हणायला जागाच नसते, कारण भट्टी पेटलेली असते.

आमचा हिशेब असा. म्हशीचं दूध चांगलं असेल तर पाच लिटरला किलोभर खवा पडतो, कधी थोडा जास्तही. दूध पाचने वाढलं की खवा किलोमागे पंचवीसने वाढतो. हे पंचवीस मी सणाच्या आधी लावू शकते, सण सुरू झाल्यावर नाही. म्हणून तारीख मला भावाइतकीच महत्त्वाची.

आणखी एक. एका दूधवाल्याने भाव वाढवला नाही, पण महिन्याभरात पाच लिटरचा खवा 800 ग्रॅमवर आला. बोलायला गेले तर म्हणे, म्हशी व्याल्यात, दूध पातळ आहे. त्यापेक्षा पत्र देणाऱ्याला मी पाच रुपये आनंदाने देते.

गोठ्यातला

भाऊ, मले एक समजलं नाही. ढेप 31 ची 36 झाली म्हणजे सोळा टक्के वाढली. मंग दूध बी सोळा टक्के वाढवाले पायजे, 58 चे 67. तुमी पाचच काहून घेतले? म्या त सरळ नऊ वाढवले. दोन हॉटेलं सुटले, तिसऱ्यानं घेतलं.

म्हशीवाला

दादा, सोळा टक्के ढेपेत वाढले, दुधात नाही. 58 रुपयांच्या लिटरमध्ये ढेप होती साडेपंधरा रुपयांची. वाढ त्या साडेपंधरावरच लागते, ती अडीच रुपये. उरलेल्या साडेबेचाळीस रुपयांत गडी, कुटार, डॉक्टर, म्हशीच्या खरेदीचा हप्ता सगळं आलं, ते सोळा टक्क्यांनी वाढलेलं नाही. तुमच्या हॉटेलवाल्याने हेच विचारलं असेल.

गोठ्यातला

विचारलं नाही, नुसतं कॅन परत देल्लं. पण तुमचं म्हणनं पटलं. तरी माह्या म्हशी एका लिटरले अर्ध्या किलोपेक्षा जास्त ढेप खातेत, मंग माहा आकडा तुमच्यापेक्षा जास्त येईन ना?

म्हशीवाला

येईल. पण गिऱ्हाईक म्हणेल, तुझी म्हैस जास्त खाते त्याचे पैसे मी काहून देऊ. तिथे माझ्याकडेही उत्तर नाही.

मुनीमजी, अकोला

तीस वर्षं तेल गिरणीत हिशेब लिहिला, म्हणून ढेपेपुरतं बोलतो. पत्रात फक्त स्वतःच्या पावत्या लावू नका. पावती तुमच्या दुकानदाराची असते, गिऱ्हाइकाला ती फुगवलेली वाटू शकते. सरकी ढेपेचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात COCUDAKL या नावाने दिसतो, त्याचा आधार अकोल्याचाच आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर तो स्वतः पाहू शकतो. मात्र तो भाव क्विंटलचा आणि ठोक असतो. गावात पोत्याने घेताना भाडं, हमाली आणि दुकानदाराचे पैसे चढतात, म्हणून आकडा जुळणार नाही. जुळायला हवी ती दिशा. दोन्हीकडे ऑगस्ट ते ऑगस्ट चढ दिसला की तुमच्या पावतीवर विश्वास बसतो.

दुसरं, ढेपेत फरक असतो. काळपट, जुनी, टरफलं जास्त असलेली ढेप स्वस्त मिळते. दोन वर्षांपूर्वी हलकी घेतली असेल आणि आता चांगली घेत असाल, तर ती भाववाढ नाही, तो तुमचा निर्णय आहे. पावतीवर प्रत लिहिलेली नसते. स्वतःला आधी विचारून घ्या.

म्हशीवाला

मुनीमजी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन्ही वेळा दुकान एकच, पण 2022 ची ढेप जरा मळकट होती असं आई म्हणते. म्हणजे त्या अडीच रुपयांतले काही पैसे बहुतेक प्रतीचे निघतील. किती, ते आता सांगता यायचं नाही.

पापड गट, हिंगणघाट

आमच्या बायकांच्या गटाचं सांगते. एका वसतिगृहाच्या खानावळीला आम्ही मूग पापड आणि हळद-तिखट देतो. मिरची महागली म्हणून मीही असंच पत्र दिलं, आकड्यांसकट. तिथल्या मॅडम खूप चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या, ताई, वर्षाचा दर तुम्ही सही करून दिलाय, मार्चपर्यंत मला एक रुपयाही वाढवता येत नाही. माझं पत्र कितीही खरं असलं तरी कागद माझ्याच सहीचा होता. सहा महिने मिरचीत तोटा खाल्ला. एप्रिलमध्ये नवा दर देताना एक ओळ घालून घेतली, की मिरची ठरल्या भावापेक्षा वीस टक्के वर गेली तर तिखटाचा दर पुन्हा ठरेल. फक्त तिखटाचा, पापडाचा नाही. तेवढी ओळ त्यांनी लगेच मान्य केली.

सोयाबीनवाला

आम्हालाही कोणी असं पत्र द्यावं. बियाण्याची बॅग दरवर्षी वाढते, सोयाबीनचा भाव मात्र बाजार समितीत गेल्यावर कळतो. आम्ही कोणाला आकडे लिहून पाठवायचे?

खवा-पेढा, पुलगाव

दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण तुमचा घेणारा रोज बदलतो. इथे गोष्ट वर्षानुवर्षं तेच दार उघडणाऱ्या माणसाची आहे.

चहा टपरी, आर्वी रोड

मला एका दूधवाल्याने पत्रात लिहून दिलं होतं, "एका कपाला 60 मिली दूध लागतं, म्हणजे आपल्याला फक्त 30 पैसे जास्त पडतील." गणित बरोबर होतं, तरी वाईट वाटलं. चहा दहाचा आहे. दहा रुपये तीस पैसे मी कोणाकडून घेऊ? एकतर दहाच ठेवायचे, नाहीतर बारा करायचे, आणि बारा केले की समोरच्या टपरीवर गर्दी होते. माझे तीस पैसे "फक्त" आहेत की नाहीत ते मी ठरवीन. तुमचा खर्च दाखवा, माझा दाखवू नका.

मुनीमजी, अकोला

मला तर वाटतं, गिऱ्हाइकावर किती भार पडतो हे लिहिणं म्हणजे त्याचा विचार केल्याची खूण आहे.

चहा टपरी, आर्वी रोड

विचार केला असेल तर येऊन विचारा, कागदावर सांगू नका.

खानावळ काकू, वर्धा

चौघांचे चार भाव नकोत, एवढंच माझं सांगणं. आमच्या दूधवाल्याने पत्र चांगलं दिलं, पण बाजूच्या हॉटेलला तीन रुपये कमी लावले, कारण तिथे दूध जास्त जातं. कळलं तेव्हा पत्रातल्या एकाही आकड्यावर विश्वास राहिला नाही. जास्त घेणाऱ्याला सूट द्यायची असेल तर तीही त्याच पत्रात लिहा.

म्हशीवाला

काकू, आम्ही सगळ्यांना 63 च लावले. चारपैकी तिघांनी मान्य केलं. एक हॉटेल सुटलं, त्याचं रोजचं बारा लिटर आता डेअरीत फॅटवर जातं आणि तिथे भाव कमी पडतो. ते धरलं तर पाच रुपयांची वाढ पूर्ण पाच राहिलेली नाही.

आता जानेवारी आहे, ढेप उतरतेय. डिसेंबरात 31 ने घेतली, आज 30 ने. महिनाअखेरपर्यंत अशीच राहिली तर दोन महिने पूर्ण होतात. मुनीमजी म्हणतील, जानेवारीची ढेप स्वस्त असणारच, आणि काकांनी मला तेच शिकवलं होतं. पण पत्रात मी महिना लिहिला नव्हता, "सलग दोन महिने" एवढंच लिहिलं होतं. 1 फेब्रुवारीला पावत्या घेऊन काकांकडे जाणार आहे.