अनुभव धागा : गाय, कोंबडी, मनी आणि बाळ – प्राण्यांच्या अंगाईचे आपापले अनुभव

धागाकर्ती (पुणे)

माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा असताना रात्रीचे जेवण झाले की त्याला दिवसभरात पाहिलेली सगळी जनावरे आठवत आणि प्रत्येकाचा आवाज काढून दाखवल्याशिवाय तो उशीला डोके टेकत नसे. तेव्हा त्या जनावरांनाच एकेक करून झोपवावे, म्हणून मी ही अंगाई रचली.

गोठ्यामध्ये गाय बसे,
वासरु कुशीत गप्प असे.
निज रे बाळा, झोप अता.

कोंबडि आली आत घरी,
पिलांवरी ती पंख धरी.
निज रे बाळा, झोप अता.

मनी चुलीशी गोल पडे,
शेपटीत ते नाक दडे.
निज रे बाळा, झोप अता.

मांडीवरती बाळ निजे,
हळूच दारी रात निजे.
निज रे बाळा, झोप अता.

शेवटच्या कडव्याची दुसरी ओळ आधी ‘देव्हाऱ्याचा दीप विझे’ अशी होती. यमक नेमके जुळले म्हणून मी खूश होते, पण सासूबाईंनी पहिल्याच रात्री मला थांबवले. दिवा विझला असे लेकराच्या कानाशी म्हणू नये, दिवा मालवला म्हणावे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘मालवे’ काही ‘निजे’शी जुळेना, म्हणून दोन्ही ओळींच्या शेवटी ‘निजे’च ठेवले. त्यानंतर माझ्या लक्षात आले की शेवटी नवा शब्द नसणेच बरे, कारण नवा शब्द आला की मुलगा डोळे उघडून त्याचा अर्थ विचारत असे.

आपण अशी एखादी अंगाई रचली किंवा म्हटली असेल, तर कुठे अडले आणि काय बदलले ते सविस्तर लिहावे.

संगीत शिकवणारे आजोबा (मिरज)

आपल्या ओळींत आठ आणि सहा अशा चौदा मात्रा आहेत, आणि पुढे दोन मात्रांचा विसावा घेतला की सोळा होतात. माझ्या नातीला झोपवताना मी प्रत्येक चार मात्रांना एकदा थोपटतो, म्हणजे ओळीला चार थापा पडतात. चौथ्या थापेनंतर शब्द संपलेले असतात आणि नुसता श्वास उरतो. घाईने म्हणणारे लोक नेमका हाच विसावा गिळतात आणि पुढच्या ओळीवर उडी घेतात. तसे झाले की अंगाईचे बडबडगीत होते आणि मूल टाळ्या वाजवू लागते.

‘आता’ असे लिहिले असते तर एक मात्रा वाढली असती. ‘अता’ केल्यामुळे आणि ‘कोंबडी’, ‘वासरू’ यांचे शेवटचे अक्षर ऱ्हस्व केल्यामुळे मात्रा बरोबर बसल्या आहेत. शुद्धलेखनाच्या दृष्टीने कोणी नाक मुरडले, तरी ते तसेच ठेवावे. लय मात्र सगळीकडे एकच ठेवू नये. मी पहिले कडवे नेहमीच्या लयीत, तिसरे बरेच संथ म्हणतो आणि चौथ्यात फक्त पालुपद पुटपुटतो.

दोन मुलींची आई (बडोदा)

मुलीसाठी ‘निज ग बाळे’ म्हणून पाहिले, तर ओळ कुठेतरी लंगडते, पण कारण कळत नव्हते. आजोबांचे वाचून मोजले तेव्हा आठच्या जागी सातच मात्रा भरल्या. ‘गं’ असा अनुस्वार देऊन, थोडा लांबवून म्हटले की ओळ नीट उभी राहते.

आमच्या घरी चूल नाही. धाकटी रोज ‘चूल म्हंजे काय’ असे विचारत असे आणि गॅसची शेगडी दाखवल्यावर मनी भाजेल म्हणून रडत असे. म्हणून आम्ही ‘मनी उशाशी गोल पडे’ असे केले. मात्रा तेवढ्याच राहिल्या आणि रडणेही थांबले.

एक वाचक (नागपूर)

चाल चांगली आहे, परंतु गाय उभ्यानेच झोपते. लहानपणापासून मुलांना चुकीचे का सांगावे? शिवाय मांजर रात्री झोपतच नाही.

पशुवैद्यक (अहिल्यानगर)

उभ्याने डुलकी घेतो तो घोडा, आणि गाढ झोपेसाठी त्यालाही आडवे व्हावे लागते. गाय बसून रवंथ करते, अर्धवट डोळे मिटून पेंगते आणि खरी झोप लागली की मान मागे वळवून स्वतःच्या कुशीवर टेकवते. त्यामुळे ‘गाय बसे’ हे अगदी बरोबर आहे. मांजराबाबत आपले म्हणणे निम्मे खरे आहे. तिन्हीसांजेला आणि पहाटे ते अधिक हिंडते, पण मधल्या वेळात भरपूर झोपते. नाक शेपटीत दडवून मुटकुळे करणे हे तर ऊब राखण्यासाठीच असते.

शेतकरी घरातील लेक (सातारा)

कोंबडीचे कडवे मला सर्वांत खरे वाटले. तिला अंधारात नीट दिसत नाही, म्हणून उजेड आहे तोवरच ती आपणहून खुराड्याकडे वळते, तिला हाकलावे लागत नाही. अंड्यांतून नुकती बाहेर आलेली पिले तिच्या पंखांखाली शिरतात आणि एखादे डोके पिसांतून बाहेर काढून पाहत राहते. माझा भाचा त्या डोक्यासारखे पांघरुणातून डोके बाहेर काढतो. तेव्हा ‘पंख धरी’ म्हणताना मी त्याच्यावर हात ठेवते, आणि तो स्वतःच आत शिरतो.

एक आजी (इचलकरंजी)

आमच्या घरी बारशाला पाळणा म्हणतात, त्यात पहिल्या दिवसापासून प्रत्येक दिवसाचे एक कडवे असते आणि ‘जो बाळा जो जो रे जो’ येते. माझ्या नातवाच्या बारशाला बायकांनी सोळाव्या दिवसापर्यंत म्हटला. आपण तोच पाळणा विचारत आहात ना?

धागाकर्ती

आजी, तो बारशाचा, समारंभाचा. आम्ही रोजच्या निजण्याच्या अंगाईबद्दल लिहीत आहोत. मात्र आपले एक खरे आहे, पालुपद तिथेही प्रत्येक कडव्याला परत येते.

एक बाबा (ठाणे)

माझा अडीच वर्षांचा मुलगा शेवटचे कडवे येऊच देत नाही. मनी झोपली की तो ‘आणि मग?’ असे विचारतो आणि स्वतःच भर घालतो. कुत्रा घातला तेव्हा मुलगाच भुंकू लागला आणि पाऊण तास गेला. त्यानंतर बस झोपली, रिक्षा झोपली आणि काल जेसीबीही झोपला. आता रात्रीला एकच पाहुणा घ्यायचा, तोही तिसऱ्या कडव्याआधी आणि त्याचा आवाज न काढता, असे ठरवले आहे. चार रात्रींपैकी तीन रात्री हे जमले.

दोन मुलींची आई

आम्ही एकही पाहुणा घेत नाही. क्रम ठरलेला असला की मनीचे कडवे सुरू होताच मुलगी जांभई देते.

संगीत शिकवणारे आजोबा

या बाबतीत मी ठाण्याच्या बाबांच्या बाजूने आहे, फक्त ‘जेसीबी’ मध्येच सहा मात्रा जातात. ‘जेसीबी दारी’ असे घेतल्यास दहा होतील, ‘जेसिबि दारी’ म्हणून पाहावे.

एक बाबा

‘जेसिबि दारी गप्प असे’. आज रात्री म्हणून पाहतो, पण तो दारी नको, खिडकीखाली हवा असे म्हणेल याची मला खात्री आहे.